साडेसातची मीटिंग

आज आमच्या इंडोनेशियातल्या, योग्यकार्ता शहरातल्या गल्लीची, म्हणजे इथल्या 'आरटी'ची मीटिंग होती. वेळ साडेसातची. मी पोचले तेव्हा सतरंजी आणि गरम भजी हजर होती, माणसं नव्हती. ग्रुपवर मात्र 'ओटीडब्ल्यू'चा पाऊस. म्हणजे निघालोय, बहुतेकदा अजून आंघोळीला जायचंय.

याला इथे 'जाम कारेत' म्हणतात, रबरी वेळ, आणि हसत स्वतःवरच विनोद करतात. सव्वाआठला गल्लीचे प्रमुख आले नि मगच सुरुवात झाली. तोवर कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. उशिरा येणाऱ्याला बोल लावून चारचौघांत अवघडवणं हे उशिरापेक्षा वाईट. पण हे रबर सगळ्यांसाठी सारखं ताणत नाही हं! मोठ्या माणसासाठी बाकीचे थांबतात. तो कुणासाठी थांबत नाही.

आळशीपणा म्हणावा, तर हीच मंडळी रमजानात रोजा सोडायला संध्याकाळच्या मगरिबच्या अजानीआधी खजूर हातात घेऊन बसलेली असतात, मिनिटाचाही फरक नाही. तुगू स्टेशनवर गाडीच्या आधी हजर असतात. जिथे वेळ माणसांच्या हातात, तिथेच ती लांबते.

पुढची मीटिंग 'इशाच्या', म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर ठरलीय. आकडाच नाही, त्यामुळे उशीर होणारच नाही!