क्रियापद नाही

काल रात्री साडेदहाला मोबाईलवर एक मेसेज आला. नंबर ओळखीचा नाही, फोटो नाही. एकच शब्द आणि पुढे पूर्णविराम: "तुमच्यामुळे."

झोप लागली नाही. एकतीस वर्षं मुलांना सांगत आले की उत्तर पूर्ण वाक्यात लिहा, उत्तरात प्रश्न दिसला पाहिजे. आणि आता मला कुणीतरी नुसतं उत्तर पाठवलंय.

पहाटे उठून वहीत मांडून बघितलं. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय, म्हणून 'तुमच्या' हे सामान्यरूप. प्रश्न 'कुणासाठी?' असता तर 'तुमच्यासाठी' आलं असतं. साठी म्हणजे हेतू, मुळे म्हणजे कारण. म्हणजे प्रश्न 'कुणामुळे?' हा. इथपर्यंत शंका नाही. पण कुणामुळे काय? ते क्रियापदात असतं आणि क्रियापदच नाही. ते असतं तर लिहिणारा मुलगा की मुलगी हेसुद्धा कदाचित कळलं असतं. 'तुमच्यामुळे उभा राहिलो', 'तुमच्यामुळे शिकले', 'तुमच्यामुळे शाळा सोडली'. तिन्ही वाक्यं शुद्ध आहेत. 'मुळे' उपकारालाही चालतं आणि आरोपालाही.

आभार मानणारी मुलं बहुतेक 'तुमच्यामुळेच' लिहितात, शेवटी 'च' लावून. इथे 'च' नाही. 'बाई' पण नाही. रात्रभर त्या 'च'पाशी अडकले होते.

सहावीतला तो मुलगा आठवतो. 'माझे बाबा' हा निबंध त्याने फार खरा लिहिला होता. मी कौतुकाने वर्गात मोठ्याने वाचला, त्याला न विचारता. बाबांच्या पिण्याचं वाक्य आलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. तो खोडरबराने वहीचं मोकळं पान घासत होता, घासता घासता कागदाला भोक पडलं. नंतर वर्षभर त्याने निबंध लिहिलाच नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. आणि ती, जिला मी दहावीच्या आधी... ते आज नको.

इतकी वर्षं घालवून शेवटी हातात काय, तर एक अर्धं वाक्य, असं वाटून सकाळी डोळे भरून आले. धाकटा म्हणाला, "अगं, चुकून आला असेल. कुणीतरी भलत्याच नंबरवर पाठवला." असेलही. 'तुमच्या' हे एकालाही चालतं आणि अनेकांनाही, तेव्हा तो माझ्या एकटीसाठी नसेलही.

पण चुकून आलेला म्हणून पुसून टाकवत नाही. माझ्यामुळे काही बरं झालं असेल, काही वाईट झालं असेल, दोन्ही झालंच असणार. कुठलंही असो, ऐकायची तयारी आहे. चहा झाल्यावर दोनच शब्द लिहून पाठवले: "काय झालं?"

दुपारपर्यंत एकच टिक होती. आत्ता दोन झाल्यात.