टँकरचे आठवडे, जुलाबाचे रुग्ण आणि पॉयसाँच्या चौकटीत न मावणारा फैलाव

मराठवाड्यातील एका तालुक्यातल्या सहा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या ओपीडी नोंदवह्यांमधून जुलाबाच्या नव्या रुग्णांची आठवडेवार संख्या काढलेली होती. ज्या आठवड्यांत केंद्राच्या हद्दीतील निम्म्याहून अधिक गावांना टँकरने पाणी येत होते, त्या आठवड्यांत रुग्ण जास्त येतात का, एवढाच प्रश्न मला सोडवायचा होता. तीन वर्षांची माहिती, म्हणजे सहा केंद्रे आणि प्रत्येकाचे १५६ आठवडे मिळून ९३६ ओळी. आकडे आठवड्याचे घेतल्यामुळे बाजाराच्या दिवशी होणाऱ्या गर्दीचा प्रश्न आपोआप मिटला होता; ही सोय लहान असली तरी तिने पुढचे बरेच काम हलके केले.

रुग्णसंख्या शून्य, एक, दोन अशी मोजली जाते आणि ऋण होत नाही. काही आठवड्यांत ती शून्य असल्याने तिचा थेट लॉग घेऊन साधे रिग्रेशन करता येत नाही. पॉयसाँ रिग्रेशनमध्ये लॉग घेतला जातो तो अपेक्षित सरासरीचा, प्रत्यक्ष संख्येचा नव्हे. म्हणूनच e चा मिळालेल्या गुणकाइतका घात काढला की ‘टँकरच्या आठवड्यात दर किती पट’ हे सरळ कळते.

```
m1 <- glm(rugna ~ tanker + kendra +
          offset(log(loksankhya)),
          family = poisson, data = d)
sum(residuals(m1, type = "pearson")^2) / df.residual(m1)
```

टँकरचा गुणक ०.१७ आला, म्हणजे दर १.१९ पट, आणि प्रमाण त्रुटी अवघी ०.०४. कागदावर हा निष्कर्ष भक्कम दिसत होता. परंतु R च्या निकालाच्या तळाशी `Dispersion parameter for poisson family taken to be 1` अशी एक ओळ छापलेली असते आणि ती प्रत्येकाने थांबून वाचावी असे मला वाटते. पॉयसाँ वितरणात व्हेरिअन्स हा सरासरीइतकाच असतो, आणि ही ओळ सांगते की संगणकाने ते तपासलेले नाही, गृहीत धरले आहे. तपासणी वरच्या कोडच्या शेवटच्या ओळीत आहे: पिअर्सन अवशेषांच्या वर्गांची बेरीज भागिले शिल्लक स्वातंत्र्यमात्रा. हे उत्तर १ च्या आसपास असावे. माझ्याकडे ते ६.५ आले. यालाच ओव्हरडिस्पर्शन म्हणतात. त्यात गुणक चुकतोच असे नाही, पण प्रमाण त्रुटी असायला हवी त्याहून लहान दिसते आणि दुबळा पुरावा ठाम वाटू लागतो.

येथे बरेच जण थेट दुसरे मॉडेल लावतात. मला ते पटत नाही, कारण ६.५ या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असू शकतात: मॉडेलमधून सुटलेली कारणे, आणि मुळातच पॉयसाँपेक्षा अधिक असलेला चढउतार. पहिली गोष्ट शोधून काढता येते, म्हणून आधी ती शोधावी. सर्वांत मोठे अवशेष असलेले आठवडे बाजूला काढून मी नोंदवह्यांतील तारखांशी ताडून पाहिले. दिवाळीच्या आठवड्यात ओपीडी मोजकेच दिवस उघडी होती, त्यामुळे रुग्ण कमी दिसत होते. लोक आजारी पडले नव्हते असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणून ऑफसेटमध्ये लोकसंख्येला ओपीडीच्या दिवसांनी गुणले, आणि ज्या आठवड्यांत केंद्र पूर्ण बंद होते ते वगळले, कारण शून्याचा लॉग घेता येत नाही. प्रत्येक केंद्राला स्वतंत्र पद दिलेले असल्याने लोकसंख्येचा प्रभाव त्यातच सामावला जातो. खरा फरक दिवसांनी पडतो.

दुसरे सुटलेले कारण ऋतूचे होते. आपल्याकडे टँकर उन्हाळ्यात सुरू होतात आणि पाऊस लांबला की जूनमध्येही चालूच राहतात, तर जुलाबाचे रुग्ण पहिल्या पावसाबरोबर वाढतात. त्या काही आठवड्यांत पावसाळ्याचा दोष टँकरच्या माथी जाणे अगदी शक्य होते. वर्षाच्या चक्रासाठी साइन आणि कोसाइनची s1, c1, s2, c2 ही पदे घातल्यावर गुणोत्तर ३.२४ वर उतरले आणि टँकरचा गुणक ०.१४ झाला.

३.२४ मात्र खाली येईना. याचे उत्तर एका केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी दिले. त्यांनी नोंदवहीचे एक पान समोर धरले. एकाच तांड्यावरची, एकाच आडनावाची चार नावे ओळीने लिहिलेली होती. त्या म्हणाल्या, “सर, हे चौघे एकाच काळी-पिवळीतून आले, एकाच हौदाचं पाणी प्यालेले. तुम्ही यांना चार घटना धरणार की एक?” पॉयसाँ त्यांना चार स्वतंत्र घटना धरतो. दूषित पाण्याचा आजार घराघराने, वस्तीवस्तीने येतो, त्यामुळे हा फैलाव माहितीतील दोष नसून त्या आजाराचा स्वभाव आहे. म्हणूनच साथीचे मोठे आकडे ‘अपवाद’ म्हणून काढून टाकणे मला मान्य नव्हते.

आता दोन मार्ग होते. क्वासी-पॉयसाँमध्ये व्हेरिअन्स सरासरीच्या ठरावीक पटीत मानला जातो. गुणक तोच राहतो आणि प्रमाण त्रुटीला त्या पटीच्या वर्गमुळाने गुणले जाते. ३.२४ चे वर्गमूळ १.८, म्हणून ऋतू व दिवस धरलेल्या पॉयसाँमधली ०.०४५ ची त्रुटी ०.०८१ झाली. निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये व्हेरिअन्स μ + μ²/θ असतो; यात μ ही सरासरी आणि θ हा माहितीवरून काढायचा आकडा. म्हणजे सरासरी वाढते तसा फैलाव तिच्याहून वेगाने वाढतो. ग्रीनवूड आणि यूल यांनी १९२० मध्ये दारूगोळा कारखान्यांतील स्त्री कामगारांच्या अपघातांचा अभ्यास करताना याच वितरणाचा आधार घेतला होता: प्रत्येकीचा धोका वेगळा आहे आणि तो गॅमा वितरणानुसार बदलतो असे मानले, की पॉयसाँमधून हेच वितरण निघते.

निवड आवडीवर सोडण्याची गरज नसते. मी ओळींचे अपेक्षित संख्येनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटात प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतील फरकांच्या वर्गांची सरासरी काढली. अपेक्षित संख्या ५ च्या जवळ होती तेथे ती सुमारे १० आली, म्हणजे दुप्पट. २५ च्या जवळ सुमारे १५०, म्हणजे सहापट. पट स्थिर नाही, सरासरीबरोबर वाढते आहे. θ ५ च्या आसपास धरला तर दोन्ही आकडे सूत्रात चपखल बसतात.

```
library(MASS)
m3 <- glm.nb(rugna ~ tanker + kendra +
             s1 + c1 + s2 + c2 +
             offset(log(loksankhya * divas)), data = d)
```

θ खरोखरच ५ च्या जवळ आला. टँकरच्या आठवड्यांत दर १.१३ पट, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.९७ ते १.३१. ऋतू व दिवस धरूनही साध्या पॉयसाँने हीच व्याप्ती १.०५ ते १.२६ अशी, १ च्या पूर्ण वर, दाखवली होती. शून्य रुग्णांचे आठवडेही नव्या मॉडेलच्या अपेक्षेइतकेच निघाले, त्यामुळे शून्यांसाठी वेगळे मॉडेल लागले नाही.

एक अडचण याने सुटत नाही. साथ एका आठवड्यात संपत नाही, म्हणून लागोपाठच्या आठवड्यांचे अवशेष एकमेकांशी जोडलेले राहतात. हा स्वसहसंबंध `acf` ने केंद्रवार काढल्यावर एका आठवड्याच्या अंतरावरचा संबंध स्पष्ट दिसला. केंद्रवार गट धरून प्रमाण त्रुटी दुरुस्त करण्याची पद्धत आहे, पण ती गट पुष्कळ असतील तेव्हा भरवशाची ठरते आणि येथे केंद्रे सहाच आहेत. म्हणून अहवालात मी ०.९७ ते १.३१ ही व्याप्ती देऊन खरी व्याप्ती याहूनही रुंद असू शकते असे नमूद केले. टँकरने रुग्ण वाढतात किंवा वाढत नाहीत, यांपैकी एकही विधान या माहितीवरून केले नाही. पुढील नोंदींसाठी मॅडमनी नोंदवहीत वस्ती आणि पाण्याचा स्रोत असे दोन रकाने आखून घेतले आहेत. त्यामुळे आकडे केंद्राऐवजी वस्तीनिहाय मांडता येतील आणि गटांची संख्या सहावर अडकून राहणार नाही.