तेरा तारीख की शुक्रवार?

लेकीच्या नर्सरी प्रवेशासाठी शाळेचा मेसेज आला तेव्हा मी भाजी निवडत होते. 'आपल्या पाल्याचा इंटरॅक्शन स्लॉट : 13 डिसेंबर, शुक्रवार, सकाळी 10.15. दोन्ही पालकांनी आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे.' मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. तेरा तारखेला शनिवार होता, आणि तोही दुसरा शनिवार. नवरा म्हणाला, "अगं, शुक्रवारीच असेल, तारीख चुकली असेल." मी म्हटलं, "शनिवारी असेल, वार चुकला असेल." अशा वेळी बहुतेक घरांत दोघेही आपापल्या मतावर ठाम राहतात आणि फोन कोणीच करत नाही. मी केला.

ऑफिसमधल्या बाईंनी आधी फॉर्म नंबर विचारला. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "तेरा, शनिवार. वार मागच्या बॅचचा तसाच राहिलाय." मी विचारलं, "दुसऱ्या शनिवारी ऑफिस बंद नसतं का?" "ऑफिस बंद, पण शिक्षकांना बोलावलंय. मागच्या गेटनं या." ही गेटची गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नव्हती. बरोबर वारी गेलो असतो तरी पुढच्या बंद गेटासमोर उभे राहिलो असतो.

शाळा याला मुलाखत म्हणत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 13 नं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई आहे. पहिल्यांदा घेतली तर 25,000 रुपयांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि आमची लेक जेमतेम दोनची, पण शब्द मात्र सगळीकडेच बदललाय. सासूबाई अजूनही 'इंटरव्ह्यू'च म्हणतात आणि लेकीला रोज संध्याकाळी रंगांची नावं विचारतात. ती सगळ्यालाच 'लाल' म्हणते.

मग मी मुख्य प्रश्न विचारला : काय काय आणायचं? बाईंनी पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. "जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा, आईवडिलांचे आधार, मुलीचे चार फोटो, तुमचे दोन-दोन." एवढ्यावर आभार मानून फोन ठेवला असता तर काम अर्धवट राहिलं असतं. नुसती नावं कळली तरी प्रत्येक कागदाला एक पोटप्रश्न असतो. ओरिजिनल जमा करायचं की नुसतं दाखवायचं? (दाखवायचं, जमा करायची ती झेरॉक्स, दोन प्रती, आपली सही करून.) लाइट बिल घरमालकाच्या नावावर असेल तर? (मग नोंदणी केलेला भाडेकरार, आणि मुदत संपलेला नको.) आमचा अकरा महिन्यांचा करार नोव्हेंबरातच संपला होता, तेही तेव्हाच लक्षात आलं.

शेवटी बाईंनी सहज विचारलं, "मुलगी कधीची?" मी सांगितलं, 20 नोव्हेंबर 2023. "मग जून 2026 च्या नर्सरीला बसते. 31 डिसेंबर 2026 पर्यंत तीन पूर्ण होतात. पण ऑक्टोबर 2023 नंतरची आहे, म्हणजे जन्मदाखलाच लागेल, दुसरं काही चालत नाही. आणि दाखल्यावर बाळाचं नाव आहे ना? बघा नीट."

मी म्हटलं, "आहे की." आणि फोन ठेवून कपाट उघडलं.

दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या सर्टिफिकेटच्या खाली होता. आईचं नाव बरोबर, वडिलांचं बरोबर, जन्मतारीख बरोबर. नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

यात कुणाची चूक नव्हती. असलीच तर आमची. बाळंतपण मिरजेला, माहेरी झालं. दवाखान्यात जन्म झाला की नोंदीची माहिती दवाखानाच कळवतो, आणि ती 21 दिवसांत जावी लागते. बारसं बाराव्या दिवशी झालं असतं तर नावही त्याबरोबर गेलं असतं. पण आत्याला बंगलोरहून रजा मिळेना, म्हणून आम्ही बारसं दीड महिन्यानं केलं. तोवर दाखला तयार होऊन घरी आला होता. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांनी पेनानं नाव लिहिलं होतं, ते आम्ही दोन वर्षं बघत होतो, आणि मुलीचं आधार अजून काढलंच नव्हतं. दाखला उघडून बघायची वेळच आली नाही.

उपाय अवघड नसतो, फक्त जागा ठरलेली असते. जन्म जिथे झाला तिथल्याच नोंदणी कार्यालयात जावं लागतं. आपण राहतो पुण्यात म्हणून पुण्यात चालत नाही. जन्माची नोंद आधीच झालेली असेल तर नाव नंतरही भरता येतं : पहिल्या 12 महिन्यांत फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून, आणि 15 वर्षांपर्यंत. आम्ही दुसऱ्या गटातले. मी बाबांना फोन लावला. निवृत्त झाल्यापासून असल्या कामाला ते उत्साहानं निघतात. "अर्जावर आईवडिलांच्या सह्या लागतील, आधारच्या झेरॉक्स पाठव, आणि नाव कसं लिहायचं ते एकदा नक्की करून सांग. परत परत बदलायचं नाही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

'एकदा नक्की करून' याला आमच्या घरात दोन दिवस लागले. नाव एकच, पण दुसऱ्या अक्षराची वेलांटी पहिली की दुसरी, आणि इंग्रजीत आय की डबल ई? मी म्हटलं दीर्घ, नवरा म्हणाला त्याच्या मित्राच्या मुलीचं ऱ्हस्व आहे. मला पहिल्यांदा कळलं की हा वाद शुद्धलेखनाचा नाही. या दाखल्यावरून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढतं, तिथून दहावीच्या गुणपत्रिकेवर, तिथून पासपोर्टवर. एक वेलांटी तिच्या मागे वीस वर्षं फिरते. आईचं नाव मधे लावायचा नियम 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना आहे, आमची त्याआधीची; पण नवरा म्हणाला, "पुढे तुझं लावायचंय का?" हा प्रश्न त्यानं इतक्या सरळपणे विचारला की मला उत्तर सुचेना. शेवटी वडिलांचंच राहिलं. वेलांटी मात्र दीर्घ झाली.

नवा दाखला दहा तारखेला कुरिअरनं आला. बाबांनी पाकिटावर लाल पेनानं लिहिलं होतं : 'घडी घालू नये.' मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, कारण दोन मागितल्या की तिसरी लागतेच.

शनिवारी मागच्या गेटनं आत गेलो. फोनवरच्याच बाई टेबलाशी होत्या, आवाजावरून ओळखल्या. त्यांनी दाखला उचलला, बाकी काही न वाचता थेट नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मान हलवून ओरिजिनल परत दिला. "सांभाळून ठेवा, जूनमध्ये परत लागेल." भाडेकरार त्यांनी उघडलासुद्धा नाही. नवा करण्यासाठी घरमालकाच्या मागे लागून केलेली सगळी धावपळ त्या फाइलमध्ये तशीच राहिली.

आत एका छोट्या खोलीत शिक्षिका जमिनीवर ठोकळे मांडून बसल्या होत्या. लेक पाठमोरी उकिडवी बसून ठोकळ्यावर ठोकळा रचत होती. शिक्षिकेनं झेरॉक्सवरून नाव वाचून गोड आवाजात हाक मारली, दीर्घ वेलांटीसकट. लेकीनं ढिम्म मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "मॅडम, घरी तिला माऊ म्हणतात."