नवी रिंग

"काका, पाच लिटरची रिंग द्या," म्हणत त्या मुलानं जुनी रिंग काउंटरवर ठेवली. रबर लाकडासारखं कडक झालेलं, वाकवलं की बारीक चिरा दिसत होत्या. "शिट्टीच होत नाही, कडेनं वाफ जाते," तो म्हणाला. रोग स्पष्ट होता. मी मापाची नवी रिंग दिली आणि सवयीनं सांगितलं, "नवीन आहे, दोन-चार दिवस झाकण घट्ट लागेल."

सांगलीत शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायला लागून मला बावीस वर्षं झाली. हे वाक्य मी हजारदा बोललो असेन, आणि ते खोटंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे काका कुकरच घेऊन आले. मुलाच्या आईचा हात कोपरापर्यंत भाजला होता, गळ्यावरही डाळ उडाली होती. "तुमची रिंग खराब निघाली," ते म्हणाले. मी काही न बोलता झाकण उलटं केलं.

रिंग शाबूत होती. सेफ्टी व्हॉल्व्हही ठीक होता. मग शिट्टी ज्या नळीवर बसते तिच्यात सायकलच्या स्पोकचा तुकडा घातला, तर तो अर्ध्यात अडकला. वरून नळी स्वच्छ दिसत होती, कुकरही बाहेरून आरशासारखा घासलेला. पण आतून तुरीच्या डाळीचं पिवळं-तपकिरी बूच बसलं होतं. खालून स्पोक ठोकून ते बाहेर काढलं तेव्हा लाखेच्या कांडीसारखा तुकडा पडला. त्या घरात डाळ डब्यात न लावता थेट कुकरमध्ये शिजते, तीही अर्ध्याच्या वर भरून. फेस वर चढतो, नळीत शिरतो आणि तिथंच वाळतो. हे एका दिवसाचं काम नव्हे.

मग इतके महिने काही झालं कसं नाही? कारण जुनी रिंग गळत होती. नळी हळूहळू बंद होत होती आणि वाफ कडेनं निघून जात होती. त्या फाटक्या रिंगनंच घर सांभाळलं होतं. मी नवी दिली आणि ती वाटही बंद केली.

वहिनींनी काय केलं ते नंतर कळलं. दहा-बारा मिनिटं झाली तरी शिट्टी नाही, कडेनंही वाफ नाही. त्यांनी गॅस बंद केला. इथवर बरोबर. मग नेहमीप्रमाणे उलथन्यानं शिट्टी जरा उचलून पाहिली. फुस्स झालं नाही, म्हणजे वाफ गेली. आपल्याकडे सगळे असंच तपासतात, आणि नळी मोकळी असेल तर ते बरोबरच आहे. नळी बुजलेली असेल तर आत पूर्ण दाब असतानाही शिट्टी गप्पच राहते. राहिली एकच खूण, ती म्हणजे झाकण फिरत नव्हतं. ते घट्ट लागणार असं मीच सांगितलेलं. त्यांनी हँडलला हिसका दिला.

सेफ्टी व्हॉल्व्ह का उडाला नाही, हा काकांचा प्रश्न. त्यातला धातू वितळायला नेहमीपेक्षा बराच जास्त ताप लागतो. तो कुकर फुटू नये म्हणून असतो, घाईनं झाकण उघडणाऱ्यासाठी नाही. शिट्टीच्या नेहमीच्या दाबाला आतलं पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास असतं. झाकण निघालं की लिटरभर पाण्यातल्या पस्तीस-चाळीस ग्रॅमची क्षणात वाफ होते, आणि ती जवळजवळ साठ लिटर जागा मागते. येताना ती डाळ घेऊनच येते. आतल्या झाकणाच्या कुकरात हा हिसका चालत नाही, कारण दाबच झाकण वर दाबून धरतो. बाहेरच्या झाकणाला मात्र माणसाची ताकद पुरते.

काकांना मी सांगितलं ते असं. शिट्टी नाही आणि कडेनंही वाफ नाही, तर गॅस बंद करून लांब व्हायचं. अर्धा-पाऊण तास, भांडं हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत थांबायचं. त्यानंतरही झाकण जोर न लावता फिरलं तरच उघडायचं, नाहीतर अजून थांबायचं. आणि रोज झाकण धुताना शिट्टी काढून नळीतून पाण्याची धार आरपार जाते का बघायचं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "घट्ट लागेल असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी रिंगचे पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, कुकरही नेला नाही.

आता झाकण आणल्याशिवाय मी रिंग विकत नाही. रोज दोघं-तिघं कुरकुर करतात आणि चार दुकानं सोडून पुढे जातात. तिथं रिंगा दोरीला टांगलेल्या असतात. बोटानं माप दाखवलं की मिळते.