तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांची भाषा

"मॅडम, तुम्ही एवढी वर्षं मराठीचा क्लास घेताय, आमची पोरं घरात काय बोलतात ते अर्धं आम्हाला कळतच नाही, भाषा बिघडतच चालली आहे का?"

इंदिरानगरला क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीला किक मारता मारता कोणीतरी हे विचारतंच. आणि तक्रार नेहमी त्याच शब्दांची, म्हणजे ब्रो, क्रिंज, वाईब, विषय हार्ड वगैरे. खरं सांगू का, त्या शब्दांची मला अजिबात काळजी वाटत नाही, ते जातातच. तुमच्या कॉलेजात सॉलिड आणि झकास होतं, मग भारी आलं, मग कडक. कौतुकाचा शब्द सारखा वापरला की गुळगुळीत होतो, प्रत्येक वडापाव भारी म्हटल्यावर खरंच भारी असेल त्याला काय म्हणणार, म्हणून नवा शब्द लागतो. आणि खतरनाक, भयंकर असे भीतीचे शब्द त्याच गरजेपोटी कौतुकाला लावले जातात, "भयंकर गोड पोरगी आहे" हे तर आपल्या आत्याही म्हणतात की.

दुसरं म्हणजे तेरा ते अठरा हे वय घरातून निघून मित्रांच्या टोळीत जायचं असतं, तेव्हा आपला कोण आणि बाहेरचा कोण हे बोलण्यावरून ठरतं. त्यामुळे तुम्हाला कळत नाही हा त्या शब्दांचा दोष नाही, कामच ते आहे. फॅमिली ग्रुपवर एखाद्या बाबांनी हौसेने "काय ब्रो" टाकलं की पोरांनी तो शब्द सोडलाच समजा.

पण खरी भाषा बदलते ती दुसरीकडेच, आणि तिथे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या क्लासमधली दहावीची एक मुलगी घरी आजीला म्हणाली, "आई मला बोलली की बाबांची मदत कर." आजीने लगेच विचारलं, "का गं, काय केलंस तू?" कारण आजीच्या मराठीत "आई मला बोलली" म्हणजे आई रागावली! निरोप सांगायचा तर "म्हणाली", आणि मदत "बाबांना" करायची, "बाबांची" नाही, ती हिंदीच्या वळणाने आलेली. मुलीला आजी का दचकली तेच कळेना. मजा म्हणजे हे मला मुलीची आईच सांगत होती, आणि सांगताना स्वतःच "मग आजी तिला बोलली की" असं म्हणाली.

आता हे वयाचं फॅड आहे की भाषाच बदलतेय ते कसं ओळखायचं? एक साधा मार्ग म्हणजे एकाच घरातल्या तीन पिढ्यांचं एकच वाक्य ऐकायचं. वर सांगितलेल्या घरात आजी कायम "म्हणाली", आई दोन्ही मिसळून, मुलगी फक्त "बोलली", म्हणजे पायऱ्या सरळ दिसतात. पण तेवढ्याने भागत नाही, कारण मुलगी मोठी झाल्यावर "म्हणाली"वर परत येईल अशी शंका राहतेच. म्हणून जी पोरं क्लासमधून बाहेर पडून नोकरीला लागलीत त्यांच्याकडे कान द्यायचा. ती भेटली की "डोक्याला शॉट" वगैरे सगळं ऑफिसात गळून पडलेलं असतं, पण "सर मला बोलले" तसंच असतं. जे गळालं ते वयाचं होतं, आणि जे राहिलं ते त्यांच्या मुलांपर्यंत जाणार. माणसाच्या बोलण्याचा साचा साधारण विशीपर्यंत बसतो, पुढे शब्द नवे येतात पण वाक्याची घडण आणि उच्चार फारसे हलत नाहीत.

हेच तंत्र विल्यम लबोव या अमेरिकन भाषातज्ज्ञाने वापरलं होतं. १९६२ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्यांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला की उत्तर "फोर्थ फ्लोअर" असंच यावं, आणि त्यातला "र" ऐकू येतो का ते विक्रेत्याच्या अंदाजे वयासह टिपलं. १९८६ मध्ये दुसऱ्या संशोधकाने तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा "र" वाढलेला निघाला. नुसतं वयानुसार बघून काढलेला अंदाज असा वर्षांनी परत ऐकूनच पक्का होतो, त्याशिवाय नाही.

तेव्हा पार्किंगमध्ये मी पालकांना एवढंच सांगते की क्रिंजवर भांडू नका, तुमचं कोणी ऐकणार नाहीये. "मला बोलली"ला निबंधात मी लाल पेन लावते कारण पेपर तपासणारे जुन्या मराठीचे असतात आणि मार्क त्यांच्या हातात असतात. तोंडी बोलताना सोडून देते. आणि हो, घरात तुम्ही स्वतः काय म्हणता ते एकदा ऐका, पोरांनी ते ब्रो शब्दासारखं मोबाईलवरून उचललेलं नाही, बहुतेक तुमच्याकडूनच आलंय.