नाव काढलं, चेहरा तसाच राहिला

गेल्या दिवाळीच्या तीन आठवडे आधी निफाड तालुक्यातले एक बागायतदार नाशिकमधल्या कॉलेज रोडवरच्या माझ्या जाहिरातीच्या ऑफिसात आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं बेदाणा पॅक केला होता, पाव किलो आणि अर्धा किलोचे पाऊच. द्वारका चौकात एक मोठा फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला एक चित्र त्यांना हवं होतं. एका मोठ्या हिंदी नटाचं नाव घेऊन ते म्हणाले, “त्यांच्या हातात आपला पुडा दाखवा. आता एआयनं होतं ना सगळं!”

मीही हो म्हणालो. प्रॉम्प्टमध्ये थेट नाव टाकलं, तर टूलनं चित्र करायला नकार दिला. तेव्हाच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी नाव काढलं आणि वर्णन लिहिलं: पन्नाशीचा रुबाबदार हिंदी नट, अमुक तऱ्हेची दाढी, तमुक चष्मा, मान अशी कलती, हातात बेदाण्याचा पुडा. तिसऱ्या प्रयत्नात चित्र आलं. खाली त्या नटाच्या तोंडी गाजलेल्या वाक्याला थोडं वळवून मथळा दिला. नाव कुठेच नाही, म्हणजे अडचण नाही, अशी माझी समजूत होती.

फ्लेक्सवाल्याकडे नमुना पाठवला. तिथल्या मुलानं तो उघडला आणि लगेच फोन केला. “अरे वा, अण्णांनी यांना आणलं? किती घेतले हो त्यांनी?”

त्या “किती घेतले” शब्दांवर मी अडकलो. मुलानं चेहरा ओळखला एवढंच झालं नव्हतं. त्या माणसानं पैसे घेऊन या बेदाण्याची शिफारस केली, असं त्यानं क्षणात धरून चाललं होतं. दिवाळीत द्वारका चौकातून जाणारा प्रत्येकजण तेच धरून चालला असता, आणि ते धादांत खोटं होतं.

छपाई थांबवली आणि संध्याकाळी मावसभावाकडे गेलो. तो नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्यानं आधी मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली शिफारशीची व्याख्या वाचून दाखवली. तीत नुसते बोललेले शब्द येत नाहीत. एखाद्या व्यक्तीचं नाव, सही, चेहऱ्याचं साम्य किंवा ओळखू येणारी कुठलीही खूण दाखवून ते तिचं मत आहे असं ग्राहकाला वाटायला लावलं, तरी ती शिफारसच ठरते. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. म्हणजे माझ्या प्रॉम्प्टचा भार अण्णांच्या खांद्यावर आला असता. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग त्यानं २०१२ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. मुझफ्फरनगरच्या एका सराफानं अमिताभ आणि जया बच्चन यांच्या तनिष्कच्या जाहिरातीसारखेच फलक लावले होते. कंपनी कोर्टात गेली आणि निकाल सराफाच्या विरोधात लागला. आपली ओळख कुठे, कधी, कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच, असा त्याचा गाभा. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज इतकंच नाही, तर त्यांचं ‘झकास’सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल रोखली. म्हणजे मी ज्या वाटांना पळवाट समजत होतो, त्या सगळ्या बंद होत्या. वर्णन करून चेहरा आणा, गाजलेलं वाक्य वळवा किंवा ‘यांच्यासारखा आवाज’ मागा. बघणारा ओळखतो की नाही, हाच प्रश्न उरतो.

“कोपऱ्यात ‘एआयनं बनवलेलं चित्र’ असं लिहिलं तर?” मी विचारलं. तो म्हणाला, त्यानं चित्र कसं बनलं ते कळेल, परवानगी होती की नाही ते नाही. शिवाय टूलच्या इतिहासात माझा पहिला प्रॉम्प्ट नावासकट पडलेला होता. योगायोगानं साम्य आलं, असं म्हणायला मला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सगळं सांगितलं. ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, “निदान कुणीतरी साधा माणूस तरी दाखवा. ‘मी रोज हाच बेदाणा खातो’ म्हणणारा.” एआयनं बनवलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य घालणंही मला पटलं नाही, कारण त्या माणसानं काहीच खाल्लेलं नाही. तीही खोटी शिफारसच झाली असती. त्यात ‘देखणा हिरो’ असं काही लिहिलं की ही टूल्स पुष्कळदा ओळखीच्या नटाकडेच झुकतात, न मागताही.

मग ठरवलं की चित्रात मत देणारा चेहराच नको, माल दाखवू. प्रॉम्प्ट लिहिला: “द्राक्षं वाळवण्याची शेड, जाळ्यांवर हिरवट बेदाणा, सकाळचा उजेड, माणूस नाही.” आलेल्या चित्रात द्राक्षं भर उन्हात मातीवर पसरलेली आणि रंगानं काळपट. अण्णांनी लगेच मान हलवली. आपल्याकडचा हिरवा बेदाणा शेडच्या सावलीत, जाळ्यांच्या कप्प्यांवर वाळतो, तिथे साधारण पंधरवडा लागतो. ते चित्र छापलं असतं तर निफाड-पिंपळगावचा कुठलाही शेतकरी हसला असता.

शेवटी कॅमेरा घेऊन मीच त्यांच्या शेडवर गेलो. हंगाम नसल्यामुळे जाळ्या रिकाम्या होत्या, पण निवडणीचं काम चालू होतं. सुपात बेदाणा, बाजूला काड्यांचा ढीग, आणि अण्णांच्या आईंची बोटं त्यातून देठ वेचत होती. तीच फ्रेम मला हवी होती. मागे काम करणाऱ्या एक ताईही त्यात येत होत्या. त्या म्हणाल्या, “हात येऊ द्या, तोंड नको.” नटासाठी जो हक्क मी वकिलाकडून शिकून आलो होतो, तोच त्यांचाही होता. मी जागा बदलली आणि फक्त दोघींचे हात घेतले.

तिथेच मराठीत एक पानी संमतिपत्र लिहिलं. कुठला फोटो, कोणत्या मालासाठी, कुठे लागणार, किती महिने, मोबदला किती आणि एआयनं त्यात काय बदलायचं, एवढं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ मी मुद्दाम घातली, कारण एकदा दिलेल्या फोटोवरून उद्या कुणी नवा चेहरा किंवा नवं वाक्य तयार करू नये. अण्णांच्या आईंना वाचून दाखवलं, मग त्यांनी सही केली.

एआयचा उपयोग केला तो चित्राच्या कडेला जागा वाढवायला आणि वरच्या कोपऱ्यात एक आकाशकंदील टाकायला. छापण्याआधी ते मजकुराशिवाय चौघांना दाखवलं आणि एवढंच विचारलं, “हे बघून कोण आठवतं?” इमेज सर्चमध्येही टाकून पाहिलं. चौघांपैकी एक होता तोच फ्लेक्सवाला मुलगा. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “माझी आजी. ती असंच निवडते.”

अण्णांनी फ्लेक्स त्याच दिवशी छापायला सांगितला.