आमची वाटचाल: पोलादी प्लेट की कापडी मिडसोल?

भोसरीतल्या आमच्या युनिटमध्ये सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांसाठी फक्त बुटांचे वरचे भाग, म्हणजे अप्पर, शिवायचो. पुढे पीयू सोल ओतायचं मशीन घेतलं आणि स्वतःचे सेफ्टी शूज काढू लागलो. खिळा अडवायला सोलमध्ये पोलादी प्लेट घालायची, हे तेव्हा गृहीतच होतं. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची ही प्लेट स्वस्त पडते आणि टोक कितीही अणकुचीदार असलं तरी सहसा दाद देत नाही.

तक्रार आली ती एका सेंट्रिंग ठेकेदाराकडून. त्याचे सुतार दिवसभर उकिडवे बसून फळ्या ठोकतात. बसताना पाऊल बोटांच्या मुळाशी वाकतं, पण प्लेट वाकायला तयार नसते. मग टाच बुटातून उचलली जाते, घासते आणि सोलवटते. सुतार बूट काढून चपला घालू लागले. परत आलेले काही जोड आम्ही कापून पाहिले, तर रोज वाकण्याच्या रेषेवर प्लेटला आडवा तडा गेला होता.

म्हणून आम्ही कापडी मिडसोलकडे वळलो. घट्ट विणीच्या पॉलिस्टरचे थर एकत्र चिकटवून तो बनतो. तो इनसोलच्या जागी थेट अप्परला शिवला जातो, त्यामुळे तळवा कडेपर्यंत झाकला जातो. पोलादी प्लेट मात्र कडेला थोडी जागा सोडूनच बसते. बूट हलका झाला, वाकू लागला, सुतार खूश झाले.

पण खरा प्रश्न खिळ्याचा होता. सेफ्टी शूजच्या चाचणीतला जुना खिळा ४.५ मिलिमीटर जाडीचा, आणि त्यावर ११०० न्यूटन, म्हणजे साधारण ११२ किलोचा दाब. साइटवरचा १० गेजचा तारेचा खिळा जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा. बारीक टोक धागे बाजूला सारत आत शिरतं, म्हणून जाड खिळ्याला पुरून उरलेलं कापड बारीक खिळ्यापुढे हार मानू शकतं. सेफ्टी शूजच्या आयएसओ २०३४५ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीने हा फरक मान्य केला आणि बुटांना वेगळी चिन्हं दिली: धातूच्या प्लेटसाठी P, कापडात जाड खिळ्यासाठी PL आणि ३ मिलिमीटरच्या खिळ्यासाठी PS.

तेव्हापासून सेंट्रिंगसाठी आम्ही PS चंच कापड मागवतो. ते जाड असतं आणि PL इतकं सहज वाकत नाही, पण पोलादापेक्षा कितीतरी बरं. फळ्या उतरवणाऱ्या टोळीला मात्र मी आजही पोलादच सुचवतो. त्यांचं काम उभ्याने, खिळे वर आलेल्या लाकडांवरून चालण्याचं असतं. तिथे टाच थोडी घासली तरी चालेल, खिळा आत जाता कामा नये.

ऑर्डर घेताना आम्ही आता खिळ्याचा गेज आणि माणूस बसून काम करतो की उभ्याने, हे आधी विचारतो. पोलादी जोड वापरात असेल तर मुकादमाला सांगतो की महिन्यातून एकदा बूट हाताने वाकवून पाहा. एकाच रेषेवर तो अचानक सैल वाकला किंवा कट्‌ असा आवाज आला, तर आत प्लेट तुटलेली आहे. तो जोड त्याच दिवशी बदला.